नाव बदला, पण सगळ्यात शेवटी

पत्र: ताई, मी डोंबिवलीचा. बँकेतून रिटायर झालो, सोसायटीचा सेक्रेटरी बरीच वर्षं आहे. भाच्याने डोक्यात घातलं म्हणून 'मनातलं थोडं' नावाचा पॉडकास्ट सुरू केला. 11 भाग झाले. सोसायटीचे प्रश्न, लीकेज, भाडेकरू, मधेच गणपतीच्या आठवणी, एक भाग पावसाळी कवितांचा. कधी 12 मिनिटं, कधी सव्वा तास. ऐकणारे चाळीस-पन्नास, त्यात निम्मे नातेवाईक. कव्हरवर माझा फोटो, माइक, आमची बिल्डिंग आणि चार ओळी मजकूर आहे. भाचा म्हणतो ब्रँडिंग नाहीये, आधी नाव आणि कव्हर बदला. एक लांबलचक नाव आणि वेगवेगळ्या धुनांची पाच सदरंही सुचवलीत त्याने. काय बदलू आणि कुठल्या क्रमाने? आणि एक ओळखीचे बिल्डर स्पॉन्सर करू म्हणतायत, घेऊ का?
— एक सेक्रेटरी, डोंबिवली

उत्तर:

काका, तुमचे भाग ऐकले, सगळे नाही पण बरेचसे. भाचा म्हणतो ते अर्धं बरोबर आहे. नाव बदलायचंय, कव्हरही बदलायचंय, पण त्याने क्रम उलटा लावलाय. आज नवीन नाव ठेवलंत तर ते कशाचं नाव हेच ठरलेलं नसेल, मग चार महिन्यांनी पुन्हा बदलायची वेळ येईल आणि जे वीस-पंचवीस परके लोक ऐकतायत तेही गोंधळतील. आधी ऐकणाऱ्याला काय द्यायचं ते ठरवा, मग ते दर वेळी कुठल्या साच्यातून द्यायचं ते, मग नाव, आणि कव्हर सगळ्यात शेवटी. कव्हर करायला एक संध्याकाळ लागते, पहिल्या गोष्टीला मात्र दोन आठवडे लागले तरी चालतील.

तुमचा सगळ्यात चांगला भाग लीकेजचा. त्यात एका ठिकाणी तुम्ही सरळ सांगता की वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून, मोरीतून पाणी झिरपत असेल तर खर्च त्या मेंबरचा, आणि गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा कॉमन पाइपमधून येत असेल तर सोसायटीचा, आणि आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांमध्ये, हे लिहिलेलं आहे, भांडायची गरज नाही. ते ऐकून मी थांबून परत ऐकलं. पण ते आलं कधी, तर नमस्कार, हवापाणी, रिटायरमेंटनंतरचा दिनक्रम हे सगळं झाल्यावर, नवव्या मिनिटाला. ज्याच्या छतातून पाणी गळतंय तो नऊ मिनिटं थांबत नाही हो.

तर पहिला प्रश्न, हा शो कुणासाठी? 'सोसायटीत राहणाऱ्या सगळ्यांसाठी' असं म्हणू नका, कारण सोसायटीत दोन प्रकारची माणसं राहतात आणि त्यांना उलट्या गोष्टी हव्या असतात. एक मेंबर, ज्याला वाटतं कमिटी आपल्याला छळते, त्याला तक्रार कुठे करायची ते हवंय. दुसरा कमिटीवर बसलेला, ज्याला थकबाकी वसूल कशी करायची, नोटीस कशी लिहायची ते हवंय. दोघांना एकाच भागात खूश करायला गेलात की 'दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात' असलं काहीतरी बोलावं लागतं, आणि त्यातून कुणालाच काही मिळत नाही. मी तुमच्या जागी असते तर कमिटीवाला निवडला असता. तुम्ही स्वतः तोच आहात, त्याची अडचण तुम्हाला वाचून कळत नाही, अंगावर आलेली आहे. दिवसभर नोकरी करून रात्री साडेनऊला सोसायटीचे कागद घेऊन बसणारा, एक पैसा न घेता शिव्या खाणारा माणूस. त्याच्यासाठी मराठीत बोलणारं कुणीतरी पाहिजेच. मेंबर लोकही ऐकतील, ऐकू देत, पण बोलायचं सेक्रेटरीशी.

आता त्याला काय कबूल करायचं ते एका वाक्यात लिहा. मी एक करून देते, तुम्ही तुमच्या भाषेत बदला: 'एका भागात सोसायटीचा एक प्रश्न, आणि भाग संपेपर्यंत पुढच्या मीटिंगमध्ये काय बोलायचं आणि कुठला कागद समोर ठेवायचा ते तुम्हाला कळलेलं असेल.' बस. हे वाक्य चांगलं का, तर ते खोटं ठरू शकतं. प्रत्येक भाग रेकॉर्ड केल्यावर तुम्ही स्वतः तपासू शकता, एकच प्रश्न होता का, काय बोलायचं ते सांगितलं का, कागद दिला का. 'सोसायटी जीवनावर मनमोकळ्या गप्पा' हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही, म्हणून ते काहीच कबूल करत नाही.

आणि या वाक्यामुळे काय काय बाहेर पडतं ते बघा. गणपतीच्या आठवणी गेल्या. कविता गेल्या. वाईट वाटेल, कवितांचा भाग घरच्यांना आवडला असणार, पण ज्याने लीकेजसाठी फॉलो केलं त्याच्या फोनवर पुढच्या शनिवारी पावसाच्या कविता आल्या की तो अनफॉलो करत नाही, तो फक्त तुमचा पुढचा भाग उघडत नाही, आणि त्याच्या पुढचाही नाही. हे तुम्हाला कुठल्याच आकड्यात 'कवितेमुळे गेला' असं लिहिलेलं दिसणार नाही.

त्या वाक्यात दोन मर्यादाही घाला, त्याने भरवसा वाढतो. एक, हे फक्त महाराष्ट्रातल्या सोसायट्यांबद्दल आहे, कारण आपल्याकडे 1960 चा सहकारी संस्था कायदा आणि त्यावरचे उपविधी चालतात, इंदूरच्या किंवा बेंगळुरूच्या माणसाला ते लागू नाहीत. दोन, तुम्ही वकील नाही, आणि ऐकणाऱ्याने स्वतःच्या सोसायटीचे नोंदणी झालेले उपविधी उघडून बघायचेत, कारण सगळ्यांनी नवीन आदर्श उपविधी स्वीकारलेले असतातच असं नाही. शिवाय प्रत्येक भागात रेकॉर्डिंगचा महिना आणि वर्ष बोला. नियम बदलतात, पॉडकास्ट तसाच पडून राहतो, आणि तीन वर्षांनी कुणीतरी तुमचा जुना आकडा सभेत फेकून तोंडघशी पडला तर नाव तुमचंच खराब.

दर आठवड्याला भाग देतो असं मात्र कबूल करू नका. एका आड एक शनिवार, संध्याकाळी. शनिवार का, तर बऱ्याच कमिट्यांच्या मीटिंगा रविवारी सकाळी असतात. आणि वर्षाचं कॅलेंडर तर तुमच्या हातात आयतंच आहे. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तिची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यायची. म्हणजे वार्षिक सभेच्या नोटिशीचा भाग सप्टेंबरात टाकून उपयोग नाही, तो ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आला पाहिजे. लीकेज मे अखेरीस, पाऊस पडायच्या आधी. भाडेकरूंचे विषय उन्हाळ्यात, कारण शाळा बदलायच्या निमित्ताने तेव्हा लोक घरं बदलतात. अडचण येते तेव्हा भाग तयार असतो, हे लोकांच्या बरोबर लक्षात राहतं.

आता साचा. साचा म्हणजे दर वेळी तेच संगीत आणि तोच नमस्कार नाही. साचा म्हणजे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असणं की आता काय येणार आणि आपल्याला हवं ते कुठे सापडणार. तुमच्या वाक्यातून तो जवळपास आपोआप निघतो. भाग उघडल्या उघडल्या प्रश्न, तोही तुमच्या आवाजात नको, विचारणाऱ्याच्या आवाजात. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट मागवा, वीस-पंचवीस सेकंदांची, त्याला आधी विचारून आणि सोसायटीचं नाव काढून टाकून. मग दहा सेकंदांत शोचं नाव आणि ते कबूल केलेलं वाक्य. मग उपविधी काय म्हणतात. मग मीटिंगमध्ये समोरून काय काय येणार आणि त्याला काय उत्तर द्यायचं. आणि शेवटी कागद, म्हणजे ठरावाचा किंवा नोटिशीचा मसुदा, सावकाश वाचून दाखवायचा आणि तोच भागाच्या वर्णनात टाइप करून ठेवायचा, म्हणजे लोक कॉपी करतील.

एक भाग करूनच बघू. भाडेकरूंचा विषय तुम्ही आधी केलाय, पण सव्वा तास केलाय आणि त्यात पोलीस व्हेरिफिकेशन, पार्किंग, बॅचलर मुलं सगळं आलंय. तोच आता या साच्यात. सुरुवातीला कल्याणच्या किंवा ठाण्याच्या कुठल्यातरी सेक्रेटरीचा आवाज: 'आम्ही फ्लॅट भाड्याने दिलेल्या मेंबरांकडून दर महिन्याला एक हजार जादा घेतो, आता एकजण म्हणतोय हे बेकायदा आहे, मीटिंगमध्ये विषय येणारे, काय करू?' मग तुम्ही: मालक स्वतः राहत नसेल तर घेतात त्या बिनभोगवटा शुल्काला मर्यादा आहे, सरकारच्या 2001 च्या आदेशाप्रमाणे सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. सेवा शुल्क महिन्याला 2,000 असेल तर जास्तीत जास्त 200. हजार नाही. आणि आई-वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण अशी जवळची माणसं राहत असतील तर ते घ्यायचंच नाही. इथे सेक्रेटरीच्या पोटात गोळा येतो, कारण त्याने तीन वर्षं हजार घेतलेत, आणि इथेच तुमच्या शोचा खरा कस आहे, इथून पळायचं नाही. मग समोरून येणारी वाक्यं: 'जनरल बॉडीने ठराव केला होता', 'बाजूच्या सोसायटीत पंधराशे घेतात', 'भाडेकरूंमुळे लिफ्ट जास्त वापरली जाते.' प्रत्येकाला दोन-तीन वाक्यांत उत्तर, पहिल्याला जरा जास्त वेळ द्या, कारण सभेने हात वर केले म्हणून सरकारी आदेशाच्या वर जाता येत नाही हे लोकांना खरंच पटत नाही. शेवटी कागद: शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर आणण्याचा ठराव, सूचक आणि अनुमोदक यांच्या जागा रिकाम्या ठेवून. हे सगळं सतरा-अठरा मिनिटांत होतं. पोलीस व्हेरिफिकेशनचा भाग वेगळा, पार्किंगचा वेगळा, बॅचलर मुलांचा तर नक्की वेगळा.

लांबी किती असावी यावर लोक फार भांडतात. लांबी प्रश्नावर सोडा, फक्त 12 मिनिटं आणि सव्वा तास इतका फरक नको. प्लॅटफॉर्मच्या डॅशबोर्डवर लोक कुठल्या मिनिटाला सोडून जातात त्याची रेघ दिसते, स्पॉटिफायवर पण आणि ॲपलवर पण. पहिल्या दीड-दोन मिनिटांतच रेघ खाली आपटत असेल तर सुरुवात लांब आहे. शेवटच्या चार मिनिटांत आपटत असेल तर उत्तर देऊन झाल्यावर तुम्ही उगाच बोलत बसलाय. पण काका, चाळीस ऐकणाऱ्यांवर ही रेघ फार विश्वासाची नसते, त्यात तुमच्या बहिणीने फोन चालू ठेवून पोळ्या केल्या तरी रेघ बदलते. तोवर आजूबाजूच्या सोसायट्यांतले तीन सेक्रेटरी पकडा, भाग ऐकवा आणि दोन दिवसांनी फक्त एक विचारा, 'त्यात कागद कुठला सांगितला होता?' आठवला तर साचा चालतोय. 'छान होता' एवढंच म्हणाले तर नाही.

सदरांना नावं द्यायची हौस आवरा. भाच्याने म्हणे पाच सदरं सुचवलीत, प्रत्येकाला वेगळी धून. लोकांना दोन लक्षात राहतात. एक 'कागद', दर भागात. आणि दुसरं महिन्या-दोन महिन्यांनी एक जादा भाग, छोट्या छोट्या प्रश्नांचा, ज्यात आठ-दहा प्रश्न पटापट, त्याचं नाव 'आयत्या वेळचे विषय'. सेक्रेटरीला समजावून सांगावं लागणार नाही, त्याने अजेंड्यात शेवटी हे शेकडो वेळा टाइप केलंय.

हे नाव मला इतकं आवडतं की अख्ख्या शोला तेच द्यावं असा मोह झाला. पण नको. कारण सांगते, ते ऐकल्यावर नावाबद्दलचं बाकी सगळं आपोआप कळेल. नाव लोकांपर्यंत तोंडी जातं आणि शोधलं जातं टाइप करून, बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांत. 'आयत्या' हे aytya, ayatya, aaytya असं कसंही लिहितील, आणि ॲपचा सर्च मराठीतल्या या खोड्यांना फार सांभाळून घेत नाही. दुसरं, हे नाव गमतीशीर आहे पण काय मिळणार ते सांगत नाही, फक्त कुठला माणूस बोलतोय ते सांगतं. 'मित्रम्हणे', 'अमुक तमुक', 'व्हायफळ' ही नावं गप्पांच्या शोला शोभतात, तिथे लोक बोलणाऱ्यासाठी आणि पाहुण्यासाठी येतात, विषय कुठलाही चालतो. तुमच्याकडे माणूस अडचण घेऊन येतो. त्याला नावातच दिसलं पाहिजे की हे आपल्यासाठी आहे.

भाच्याने सुचवलेलं दुसरं टोक म्हणजे नावातच सगळं कोंबायचं, 'हाउसिंग सोसायटी नियम उपविधी पार्किंग मेंटेनन्स मराठी माहिती'. असं करू नका. ॲपल तर नावात असे शब्द भरलेले शो नाकारू शकतं, आणि नाकारलं नाही तरी फोनवर पहिले तीन शब्द दिसून पुढे टिंबं येतात. असल्या नावाची शिफारस कुणी तोंडाने करूही शकत नाही.

माझी सूचना, 'मीटिंगच्या आधी'. तुम्ही जे कबूल करताय तेच त्यात आहे, शनिवार संध्याकाळही त्यात आहे. पहिला शब्द 'मीटिंग', त्याचं इंग्रजी स्पेलिंग सगळ्यांना एकच येतं, त्यामुळे टाइप करायला सुरुवात केली की पुढचं ॲप सुचवेल. एक उणीव आहे, नुसतं ऐकून ऑफिसच्या मीटिंगबद्दल वाटू शकतं. म्हणून फीडमध्ये, म्हणजे ज्यातून सगळ्या ॲप्सना शो पोचतो त्या यादीत, पूर्ण नाव 'मीटिंगच्या आधी: सोसायटी कमिटीचा पॉडकास्ट' असं ठेवा, आणि वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात हाउसिंग सोसायटी, महाराष्ट्र, सेक्रेटरी हे शब्द येऊ देत, तिथेच एकदा Meetingchya Aadhi असंही लिहा. तुमचं स्वतःचं नाव शोच्या नावात नको, त्यासाठी लेखकाचा वेगळा रकाना असतो, तिथे घाला.

पक्कं करायच्या आधी तीन गोष्टी करून घ्या. ॲपल, स्पॉटिफाय आणि यूट्यूबवर देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत दोन्हीकडे शोधा, त्याच नावाचा चालू शो सापडला तर नाव सोडून द्या, भांडत बसू नका. मग ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर सार्वजनिक शोधात वर्ग 41 मध्ये बघा, त्यात शिक्षण आणि मनोरंजनाच्या सेवा येतात. तुम्ही लगेच नोंदणी करा असं म्हणत नाही, इतकं साधं वर्णनपर नाव नोंदवून मिळणं अवघडही असतं, पण दुसऱ्याच्या नोंदलेल्या नावावर पाय पडायला नको. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: कुणाला तरी फोन करा, तोही तो डोंबिवली स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना, नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि म्हणा ॲपमध्ये शोधून दाखव. दोन-तीन जणांना सापडलं की नाव पक्कं.

नाव बदलताना नवा शो उघडू नका, प्लीज. होस्टिंगच्या सेटिंगमध्ये त्याच फीडचं शीर्षक बदलायचं, ॲप्समध्ये ते काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत आपोआप बदलतं आणि फॉलो करणारे तिथेच राहतात. नवा शो काढलात तर त्या सगळ्यांना पुन्हा बोलवायला लागेल आणि येणार निम्मेच. जुने भाग काढून परत चढवू नका, तसं केलं की ॲपला ते नवे भाग वाटतात आणि लोकांच्या फोनवर जुनंच सगळं पुन्हा येऊन पडतं. सोसायटीचे भाग तिथेच ठेवून फक्त त्यांची शीर्षकं सुधारा, 'भाग 4: लीकेज आणि बरंच काही' ऐवजी 'वरून पाणी गळतंय, खर्च कुणाचा?' भागाच्या क्रमांकाला वेगळा रकाना आहे, तो शीर्षकात नको. कविता आणि गणपतीचे भाग फीडमधून मागे घ्या, फाइल जपून ठेवा. आणि शोचा प्रकार एपिसोडिक ठेवा, म्हणजे नवा भाग वर दिसतो. सीरियल हा प्रकार एकच गोष्ट क्रमाने सांगणाऱ्यांसाठी आहे, 2014 साली त्याच नावाचा अमेरिकन शो गाजला तसा, तिथे पहिल्या भागापासूनच ऐकावं लागतं. तुमच्याकडे माणूस थेट पार्किंगवर उडी मारणार.

आता कव्हर. फाइल चौकोनी, 3000 बाय 3000 पिक्सेल, जेपीईजी किंवा पीएनजी, आणि आरजीबीमध्ये. हे शेवटचं मुद्दाम सांगते, कारण ओळखीच्या फ्लेक्सवाल्याकडून कव्हर करून घेतलं की तो छपाईच्या सवयीने सीएमवायकेमध्ये फाइल देतो आणि मग फोनवर रंग मळके दिसतात किंवा फाइल घेतलीच जात नाही. पण एवढी मोठी फाइल कुणी मोठी बघत नाही. लोकांना ती दिसते अंगठ्याच्या नखाएवढी, यादीत, बाकी दहा कव्हरांच्या मधे. तुमच्या आत्ताच्या कव्हरवरच्या त्या चार ओळी तिथे मुंग्यांसारख्या दिसतात आणि बिल्डिंग कुठलीही बिल्डिंग वाटते.

म्हणून काढून टाकायचं ते असं. माइक काढा, पॉडकास्ट ॲपमध्ये पॉडकास्टच असणार हे लोकांना माहितीये. फोटो काढा, राग मानू नका, तुमचा चेहरा परक्या माणसाला अजून काही सांगत नाही. टॅगलाइन काढा, ती वर्णनात जाते. राहिलं काय, तर नाव आणि एक चित्र. चित्र म्हणून सोसायटीचा नोटीस बोर्ड घ्या, गडद हिरवा, त्यावर पिनेने लावलेला एक पांढरा कागद, आणि त्या कागदावर दोन ओळीत 'मीटिंगच्या / आधी'. स्पॉटिफायचा पडदा काळा असतो, ॲपल बऱ्याच फोनवर पांढरा, गडद हिरव्यावर पांढरा कागद दोन्हीकडे उठून दिसतो. गोल रबरी शिक्का पण मनात आला होता, पण गोलात फिरवलेली देवनागरी लहान आकारात वाचताच येत नाही.

देवनागरीची एक वेगळीच भानगड आहे, ती इंग्रजीत कव्हर करणाऱ्या मुलांना कळत नाही. आपल्या अक्षराला वर वेलांट्या, अनुस्वार असतात आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळी जवळ आणल्या की वरच्याचे पाय खालच्याच्या डोक्यात जातात. बारीक फाँट घेतला तर लहान आकारात नुसती शिरोरेघ उरते, अक्षरं विरून जातात. जाड वजनाचा फाँट घ्या, Mukta किंवा Baloo नावाचा चालेल, दोन्ही मोफत आहेत आणि व्यावसायिक कामालाही वापरता येतात. 'टिं' नीट बघा, चुकीच्या सेटिंगमध्ये पहिली वेलांटी ट च्या मागे जाऊन बसते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत असं झालं तर टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय चालू करावा लागतो. झालं की ती फाइल स्वतःच्या व्हॉट्सॲपचा डीपी म्हणून लावा आणि घरच्या कुणाला तरी चॅटच्या यादीत हात लांब धरून वाचायला सांगा. चष्मा न लावता वाचता आलं तर पास. डीपी गोल दिसतो, त्यामुळे कोपऱ्यात काही ठेवलं असेल तर तेही कळेल.

दर भागाला वेगळं चित्र करायची गरज नाही. यूट्यूबवर टाकणार असाल तर तिथे आडवं थंबनेल लागतं, 1280 बाय 720, त्यात तोच बोर्ड, तोच कागद, आणि कागदावर त्या भागाचा प्रश्न. उजव्या खालच्या कोपऱ्यात काही लिहू नका, तिथे मिनिटं दिसतात.

बिल्डरांचं आता. घेऊ नका, निदान पुनर्विकासाची कामं करणारे असतील तर अजिबात नाही. आज ना उद्या तुम्हाला पुनर्विकासाचे भाग करायचेच आहेत, डोंबिवलीत चाळीस वर्षांच्या इमारतींना दुसरं काय विचारायचंय, आणि त्या भागात तुम्हाला सांगावं लागेल की बिल्डरच्या कन्सल्टंटवर विसंबू नका, सोसायटीचा स्वतःचा नेमा. हे वाक्य बिल्डरच्या जाहिरातीनंतर बोलून बघा. तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी ऐकणारा म्हणणार, काका विकले गेले. तोच नियम सोसायटीच्या वकिलांना आणि कन्सल्टंटना. पाण्याच्या टाक्या धुणारे, लिफ्ट मेंटेनन्सवाले, हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणारे आले तर विचार करा, पण ज्या भागाचा विषय तोच असेल त्यात त्यांची जाहिरात नको, आणि जाहिरात आहे हे सुरुवातीलाच तोंडाने सांगायचं. ओळखीच्या बिल्डरांना नाही म्हणणं जड जात असेल तर सांगा की अजून ऐकणारे पन्नासच आहेत, तुमचे पैसे वाया जातील. ते खरंच आहे.

नव्या नावाने पहिल्यांदा भाग टाकू नका, एक मिनिटाचा ट्रेलर टाका, फीडमध्ये त्याला ट्रेलर म्हणूनच मार्क करा. त्यात एवढंच बोला: 'नमस्कार, मी डोंबिवलीतल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी. हा शो आधी मनातलं थोडं या नावाने होता. आता याचं नाव मीटिंगच्या आधी. एका आड एक शनिवारी एक प्रश्न, आणि भाग संपेपर्यंत रविवारच्या मीटिंगमध्ये काय बोलायचं आणि कुठला कागद ठेवायचा ते तुमच्या हातात. प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, नंबर वर्णनात आहे.' त्या नंबरसाठी वेगळं सिम घ्या काका, तुमचा रोजचा नंबर देऊ नका, नाहीतर अख्ख्या ठाणे जिल्ह्याचं लीकेज रात्री अकराला तुमच्या फोनवर येईल.